मोदक की modak: हॅशटॅगची लिपी ठरवताना

गणेश चतुर्थीला तीन-चार आठवडे उरले की मला एक ठरलेला फोन येतो. उकडीच्या मोदकांचे फोटो काढून झालेले असतात, 11 आणि 21 नगांचा दर ठरलेला असतो, मजकूरही लिहून तयार असतो. अडलेलं असतं ते शेवटच्या ओळीपाशी. "हॅशटॅग मराठीत टाकू की इंग्रजीत?"

घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या काही जणींची इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरची पानं मी सांभाळते. हा प्रश्न आला की आधी तो थोडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. #modak हे इंग्रजी नाही. तो आपलाच मराठी शब्द आहे, फक्त रोमन अक्षरांत लिहिलेला. त्यामुळे भाषा कुठली याचा इथे प्रश्नच नसतो. तुमचं गिऱ्हाईक तो शब्द शोधायला बसतं, तेव्हा त्याच्या बोटांखाली कुठला कळफलक असतो, एवढंच विचारायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं काम घरबसल्या, एक पैसा न खर्चता करता येतं.

यंत्राच्या बाजूने पाहिलं तर #मोदक आणि #modak ही दोन वेगळी दालनं आहेत. एकात ठेवलेला फोटो दुसऱ्यात आपोआप दिसत नाही. हॅशटॅग म्हणजे अक्षरांची एक ठराविक माळ असते. त्यातला एक मणी बदलला की दालन बदललं. रोमनमध्ये एक सूट मिळते: मोठी आणि छोटी अक्षरं सारखीच धरली जातात, म्हणजे #UkdicheModak आणि #ukdichemodak एकच. म्हणून जोडशब्द लिहिताना प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवावं. शोधात काही बिघडत नाही, वाचणाऱ्याला शब्द सुटे दिसतात आणि मजकूर वाचून दाखवणारं साधन वापरणाऱ्या अंध वाचकालाही तो नीट ऐकू येण्याची शक्यता वाढते. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत. तिथे #उकडीचेमोदक असं सलग लिहावं लागतं किंवा मध्ये अधोरेखा घालून #उकडीचे_मोदक. ही दोनही पुन्हा वेगळी दालनं.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. बहुतेकांच्या फोनवर उघडल्या उघडल्या इंग्रजी कळफलक येतो. मराठी कळफलक शेजारीच असतो, पृथ्वीच्या गोळ्याचं बटण दाबलं की मिळतो. मैत्रिणीला चार ओळी लिहायच्या असतील तर माणूस ते बटण दाबतो. शोधखिडकीत एकच शब्द टाकायचा असेल तर बहुधा दाबत नाही; पाच अक्षरं हाताशी आहेत त्या कळफलकावर उमटवून मोकळा होतो. म्हणूनच व्हॉट्सॲपवर शुद्ध देवनागरीत लिहिणारी बाई इन्स्टाग्रामच्या शोधात "modak" असं लिहिते. आणि तीच बाई संध्याकाळी स्वयंपाकघरात, हात पिठात असताना, यूट्यूबच्या माइकला "उकडीचे मोदक" असं सांगते. माइकची भाषा मराठी ठेवलेली असेल तर बोललेलं देवनागरीत उमटतं. एकच बाई, एकाच दिवशी, दोन लिप्या. त्यामुळे "माझं गिऱ्हाईक देवनागरीतलं की रोमनमधलं" असा शिक्का कुणावर मारता येत नाही. ते त्या क्षणी कुठल्या ॲपवर आहे आणि हाताने शोधतंय की तोंडाने, त्यावर ठरतं.

इथे बऱ्याच जणी एक चुकीचं माप लावतात. इन्स्टाग्रामच्या शोधात हॅशटॅग टाकला की त्यापुढे किती पोस्ट आहेत तो आकडा येतो. ज्याचा आकडा मोठा तो चांगला, असं धरून त्या चालतात. पण तो आकडा लिहिणाऱ्यांचा आहे, शोधणाऱ्यांचा नाही. एखादा हॅशटॅग दुकानदारांनी एकमेकांचा बघून हजारो वेळा टाकलेला असू शकतो आणि तो शोधणारं कुणी नसू शकतं. शिवाय फार मोठ्या दालनात तुमच्या डोंबिवलीतल्या घरचा मोदक पाच मिनिटांत खाली दबतो. आकडा एवढंच सांगतो, की हे रूप लोकांच्या वापरात आहे की नाही. शून्याच्या जवळ असेल तर तो शब्द असा कुणी लिहीत नाही, हे कळतं. त्यापलीकडे त्याचं फारसं ऐकू नये.

मग शोधणाऱ्यांची सवय कशी कळणार? माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी वही तुमच्याच फोनमध्ये आहे. ज्या व्हॉट्सॲपवर तुम्ही ऑर्डर घेता, त्याच्या वरच्या शोधखिडकीत जाऊन "modak" टाका. गेल्या वर्षीचे सगळे संदेश समोर येतील. मग "मोदक" टाका. मग "ukd" आणि "ukad" अशी अर्धी रूपंही टाकून बघा. प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला संदेश तेवढा मोजा, कारण दुसऱ्या संदेशापासून माणूस तुमचं बघून लिहू लागतो. तुम्ही "उकडीचे मोदक मिळतील" असं उत्तर दिलंत की तीही देवनागरीत येते. तिची स्वतःची सवय पहिल्या ओळीतच असते.

समजा, अशा 40 जणींचे पहिले संदेश तुम्हाला सापडले. त्यातले 9 देवनागरीत आहेत, 26 रोमन अक्षरांत मराठी आहेत आणि 5 जणींनी इंग्रजीत "steamed modak" असं विचारलं आहे. आता 26 रोमन संदेश पुन्हा उघडा आणि शब्द कसा लिहिलाय ते बघा. समजा, 15 जणींनी "ukdiche" लिहिलं आहे, 6 जणींनी "ukadiche", आणि 5 जणींनी नुसतं "modak 21 pahijet" म्हटलं आहे. एवढं झालं की अर्धा निर्णय कागदावर उतरला. या हिशेबाची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. हे लोक तुमच्यापर्यंत पोचलेले आहेत. नवं गिऱ्हाईक यांच्यापेक्षा तरुण किंवा वेगळ्या वस्तीतलं असू शकतं. तरी रोमन लिहिण्याची धाटणी एका गावात, एका वयात बरीच सारखी असते, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

"ukdiche" आणि "ukadiche" यांतला फरक नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो केवळ मोदकापुरता नाही. आपण लिहितो "उकडीचे", पण बोलताना "क"मधला "अ" गिळतो आणि "उक्डीचे" असं म्हणतो. जी कानाने लिहिते ती ukdiche लिहिते. जी देवनागरी डोळ्यासमोर आणून एकेक अक्षर उतरवते ती ukadiche लिहिते. चकलीचं तेच होतं: chakli आणि chakali. मग "व" येतो: पाडव्याचा padwa होतो आणि padva ही. "फ"चं faral आणि pharal होतं. दीर्घ ईचं कुणी i करतं, कुणी ee. "गुढीपाडवा" या शब्दात तर "ढ"चा d की dh हा प्रश्नही आहे, त्यामुळे gudipadwa, gudhipadwa, gudipadva, gudhipadva अशी चार रूपं सहज होतात. रोमनमध्ये आपल्या शब्दांचं लेखन ठरलेलं नाही, हे त्याचं खरं दुखणं. शुद्ध रूप कुठलं यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. जे रूप तुमच्या गिऱ्हाइकांच्या बोटांतून सर्वांत जास्त वेळा आलं, ते घ्या आणि पूर्ण हंगामभर तेच ठेवा.

व्हॉट्सॲपची वही नसेल, म्हणजे व्यवसायाचं पहिलंच वर्ष असेल, तर सुचवण्या बघाव्यात. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबच्या शोधखिडकीत "ukd" एवढंच टाइप करून थांबायचं. खाली जी यादी उलगडते ती बरीचशी लोकांनी आधी केलेल्या शोधांवर बेतलेली असते. मग "ukad" टाकून बघायचं, मग "उकड". कुठे यादी भरभर येते आणि कुठे अडखळते ते दिसतं. मात्र हे तुमच्या रोजच्या फोनवर करू नका. तुम्ही वर्षभर मोदकांचे व्हिडिओ बघितलेले असतात, त्यामुळे तुमचा फोन तुम्हाला तुमचीच सवय परत दाखवतो. घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन घ्या, किंवा यूट्यूबसाठी ब्राउझरची गुप्त खिडकी उघडा. गुगल ट्रेंड्सही हाताशी आहे. तिथे शोधाचा प्रकार बदलून यूट्यूबवरचे शोध निवडता येतात, प्रदेश महाराष्ट्र ठेवता येतो आणि "उकडीचे मोदक", "ukadiche modak", "ukdiche modak" या तिघांची तुलना एकाच आलेखात दिसते. तो आलेख 0 ते 100 असा तुलनेचा असतो, शोधांची प्रत्यक्ष संख्या नव्हे. चतुर्थीच्या आसपासचे आठवडे निवडले नाहीत तर बाकी वर्षभराच्या सपाट रेषेत काहीच कळत नाही.

आता शेवटची ओळ लिहू. डोंबिवलीतली ताई, ऑर्डर घेण्यासाठीची इन्स्टाग्राम पोस्ट, मजकूर देवनागरीत. इथे एक गोष्ट पुष्कळ लोक विसरतात. इन्स्टाग्रामने आपला शोध कसा चालतो हे 2021 मध्ये स्वतः समजावून सांगितलं, तेव्हा शब्द आणि हॅशटॅग पोस्टखालच्या प्रतिक्रियेत न टाकता मुख्य मजकुरात ठेवा, असा सल्ला दिला होता. म्हणजे हॅशटॅग नसलेले साधे शब्दही शोधात धरले जातात. तुमच्या मजकुराच्या पहिल्या दोन ओळींत "उकडीचे मोदक" आणि "डोंबिवली" हे शब्द देवनागरीत आले असतील, तर देवनागरीत शोधणाऱ्या 9 जणींची सोय बरीचशी तिथेच झाली. हॅशटॅगच्या जागा आता मजकुरात जे नाही त्यासाठी वापरायच्या. मजकूर देवनागरी असेल तर हॅशटॅगचं पारडं रोमनकडे झुकावं. उलट मजकूर रोमनमध्ये किंवा इंग्रजीत लिहिला असेल, तर निदान एक-दोन हॅशटॅग देवनागरीत हवेतच. माझ्या मते लिपीचा निर्णय हा मजकूर आणि हॅशटॅग यांचा मिळून एकच निर्णय आहे. त्याचे दोन तुकडे केले की तेच शब्द एका लिपीत दोनदा येतात आणि दुसरी लिपी उपाशी राहते.

या ताईसाठी मी लिहीन ती ओळ अशी:

```
#UkdicheModak #Modak #उकडीचेमोदक #Dombivli
```

पहिला हॅशटॅग मुख्य. दुसरा त्या पाच जणींसाठी, ज्या नुसतं मोदक म्हणतात. आणि ज्यांनी इंग्रजीत विचारलं त्यांच्या शोधातही modak हा शब्द आहेच. तिसरा देवनागरी ठेवला तो दालन लहान आणि नेमकं असल्यामुळे. "मोदक" हा शब्द हिंदीतही चालतो, त्यामुळे नुसत्या #मोदक दालनात हिंदी पाककृती, माव्याचे मोदक, सगळं येऊन बसतं. #उकडीचेमोदक म्हटलं की "चे" या एका प्रत्ययाने मराठी घर ठरतं. चौथा गावाचा. गावाचं नाव रोमनमध्ये घेतलं, कारण लोकांच्या डोळ्यांत ते रेल्वेच्या पाट्या आणि नकाशांवरून तसं बसलेलं असतं. Dombivali असंही लिहिणारे आहेत, पण त्यामागे धावायची गरज नाही. पोस्ट टाकताना ठिकाण जोडण्याची जी वेगळी सोय आहे ती वापरली की गावाचं काम तिथे पक्कं होतं.

#ganpati, #ganeshchaturthi, #food हे मी मुद्दाम सोडले. त्या दालनांत जो माणूस शिरतो तो मूर्ती, आरास, मिरवणूक बघायला. मोदकाची ऑर्डर द्यायला नाही. आणि #UkadicheModak सुद्धा याच पोस्टमध्ये टाकायचा मोह आवरला. तो दुसऱ्या पोस्टसाठी ठेवायचा, त्याचं कारण पुढे येतं.

देवनागरी निवडली की काम संपलं, असं मात्र नाही. देवनागरीतही शब्द फुटतात, आणि ते फुटणं रोमनपेक्षा वाईट, कारण डोळ्यांना दिसत नाही. काही वर्षांपूर्वी एका नाट्यसंस्थेच्या शिबिरासाठी आम्ही "#ॲक्टिंगशिबिर" असा हॅशटॅग ठरवला. माझ्या फोनवरून पोस्ट गेल्या, संस्थेतल्या एका मुलाने त्याच्या संगणकावरून टाकल्या. आठवडाभर दोघांच्या पोस्ट एकमेकींना भेटल्याच नाहीत. कारण शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. "ॲ" हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे 2008 मध्ये आलं. त्याआधीची पद्धत म्हणजे "अ" घ्यायचा आणि त्यावर चंद्र चढवायचा. माझा कळफलक पहिलं अक्षर उमटवत होता, त्याचा दुसरं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसत होती आणि यंत्राच्या लेखी ती वेगळी अक्षरं होती. "दऱ्या", "सुपाऱ्या", "कोऱ्या" या शब्दांतल्या अर्ध्या र्‍याचंही असंच आहे. तो दोन वेगळ्या रीतींनी टाइप होतो. म्हणून शक्य असेल तिथे अशी अक्षरं हॅशटॅगमध्ये घेऊच नयेत. "ॲक्टिंग" टाळून "#अभिनयशिबिर" लिहिलं असतं तर तो आठवडा वाया गेला नसता. ती अक्षरं घ्यायचीच असतील तर एकाने टाइप करावं आणि बाकीच्यांनी तेच उचलून चिकटवावं. उकडीच्या मोदकांत सुदैवाने असं एकही अक्षर नाही. तिथे घोटाळा होतो तो ऱ्हस्व-दीर्घाचा: "उकडिचे" असं लिहिलं की दालन बदललं.

आकड्यांचंही बघा. #गणेशोत्सव२०२६ आणि #गणेशोत्सव2026 वेगळे आहेत. मराठी कळफलक काही फोनवर देवनागरी अंक देतो, काहींवर रोमन. मंडळातल्या पाच जणांनी पाच फोनवरून लिहिलं तर दोन गट पडतातच. मी साल गाळूनच टाकते.

त्याहून मोठी अडचण आपल्या व्याकरणातून येते. मराठीत शब्द वाक्यात शिरला की त्याचं रूप पालटतं. पुणे, पण पुण्यात. मोदक, पण मोदकांची. वाक्यातच हॅशटॅग गुंफायची हौस असते, म्हणून कुणी लिहितं: "यंदा #मोदकांची ऑर्डर #डोंबिवलीत घेत आहोत." वाचायला गोड, पण #मोदकांची आणि #डोंबिवलीत ही दालनं कोण शोधणार? हॅशटॅग प्रत्यय सोलून मूळ शब्दापर्यंत जाईल, या भरवशावर राहू नये. शब्द तोडून "#मोदक ांची" केलं तर मात्रा लोंबकळते. म्हणून देवनागरी हॅशटॅग नेहमी वाक्याच्या बाहेर, शेवटी, मूळ रूपात लिहावेत. वाक्यातले शब्द वाक्यासारखे राहू द्यावेत. मध्ये जागा किंवा जोडरेघ आली की हॅशटॅग तिथेच तुटतो, हे तर तुम्ही कधी ना कधी अनुभवलं असेलच: #गणपती निळा झाला आणि बाप्पा काळाच राहिला.

पोस्ट टाकल्यावर लगेच एक तपासणी करायची. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून ती पोस्ट उघडायची आणि प्रत्येक हॅशटॅगवर बोट ठेवायचं. पूर्ण शब्द एकसंध उघडतो का? आत दुसऱ्यांच्याही पोस्ट आहेत का? आत फक्त तुमचेच फोटो दिसत असतील तर तुम्ही एखादं अक्षर वेगळं टाइप केलं आहे किंवा ते रूप दुसरं कुणी लिहीतच नाही. आत भलतंच काही दिसत असेल, तर शब्दाला दुसरा अर्थ आहे. Modak हे आडनावही आहे. #misal उघडलात तर स्पॅनिशमधल्या प्रार्थनापुस्तकाशीही गाठ पडू शकते, कारण त्यांच्याकडे तो शब्द त्या अर्थाने आहे. #मिसळ मध्ये तो धोका नाही.

यावरून एक गोष्ट कळते. काही शब्दांत देवनागरी स्वतःच चाळणीचं काम करते, आणि तिथे रोमनचा हट्ट धरू नये. #diwali सगळ्या देशाचं, परदेशाचंही. #दीवाली आणि #दिवाली हिंदीचं. #दिवाळी लिहिलं की "ळ" बाकीच्यांना बाहेर ठेवतो आणि तुमचा फराळ मराठी घरापुढे जातो. #poha आणि #pohe यांत रोमनमध्येही तशी चाळणी आहे, एका अक्षराची. तुमच्या शब्दात असं मराठीपण ठरवणारं अक्षर असेल, तर देवनागरी दालन लहान असलं तरी नेमकं असतं. त्या वस्तूचा मराठी माणसाशीच संबंध असेल, म्हणजे कवितांचं वाचन, नाटकाचा प्रयोग, दिवाळी अंक, तर मी देवनागरी पुढे ठेवते. तिथे येणारा माणूस देवनागरी वाचायलाच येतो आणि वाचायला येणाऱ्याला ती टाइप करायचा कंटाळा कमी असतो. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाची पोस्ट रोमन हॅशटॅगांनी भरलेली दिसली की मला वाईट वाटतं. त्या दिवशीचे शोधणारे तरी देवनागरीत असणारच.

याच्या उलट टोकाला परदेशातली दुसरी पिढी आहे. न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये वाढलेल्या मुलांना मराठी बोलता येतं, पण देवनागरी वाचता येतेच असं नाही. आजीसारखे मोदक करून बघायचे म्हणून ती शोधतात तेव्हा रोमनशिवाय त्यांच्याकडे वाट नसते. तुम्ही मोदकाचे साचे किंवा पिठी परदेशी पाठवत असाल, तर पहिली मराठी ओळसुद्धा रोमनमध्ये किंवा इंग्रजीत द्यावी लागेल, नुसते हॅशटॅग बदलून भागणार नाही.

आता तो राखून ठेवलेला #UkadicheModak. आपला अंदाज बरोबर होता का, हे बघायचं असेल तर चार पोस्ट योजाव्यात. फोटो साधारण एका जातीचे, वेळ एकच, समजा रात्री साडेआठ. पहिल्या पोस्टला मुख्य हॅशटॅग #UkdicheModak, दुसऱ्या आणि तिसऱ्या पोस्टला #UkadicheModak, चौथ्याला पुन्हा #UkdicheModak. बाकी सगळं तसंच. पहिल्या आठवड्यात एक आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरं, असं करू नका. चतुर्थी जवळ येते तसे मोदक शोधणारे आपोआप वाढतात, आणि जे रूप नंतर वापरलं ते जिंकल्यासारखं दिसतं. आलटून-पालटून घेतलं की ही चढण दोघांना सारखी वाटली जाते. मग प्रत्येक पोस्टच्या आकडेवारीत तुम्हाला फॉलो न करणाऱ्या किती जणांपर्यंत ती पोचली तेवढंच बघा. फॉलो करणारे हॅशटॅगमुळे आलेले नसतात. लाइकचा आकडा इथे काही सांगत नाही. दोन रूपांत थोडासाच फरक असेल तर तो फरक नाही, असं समजा. चार पोस्टमधून एवढंच कळू शकतं की एक रूप उघडपणे मागे पडतंय का. दुप्पट-तिप्पट अंतर दोन्ही जोड्यांत दिसलं तरच हॅशटॅग बदला.

यूट्यूबवर हिशेब वेगळा पडतो. तिथे हॅशटॅगपेक्षा शीर्षक जड. शोधणारा "उकडीचे मोदक कसे करायचे" असं सुट्या शब्दांत विचारतो, आणि हॅशटॅग तर सलग चिकटलेला असतो. त्यामुळे शीर्षकात देवनागरी शब्द सुटे लिहा आणि उभ्या रेघेनंतर तेच रोमनमध्ये द्या: "उकडीचे मोदक, न फुटणारी पारी | Ukdiche Modak". वर्णनात टाकलेल्या हॅशटॅगांपैकी तीनच शीर्षकाजवळ दिसतात, आणि 60 च्या वर गेलात तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करतं. तीन पुरेत, त्यांतले दोन देवनागरी. इथे देवनागरीला झुकतं माप देते ते माइकमुळे. आणि इथे अंदाजावर राहायची गरजही नाही. यूट्यूब स्टुडिओच्या आकडेवारीत प्रेक्षक कुठून आले हे दिसतं. त्यात यूट्यूब शोध उघडला की लोकांनी प्रत्यक्ष कुठले शब्द टाकून तुमचा व्हिडिओ गाठला, त्यांची यादी मिळते, ज्या लिपीत टाकले त्याच लिपीत. व्हिडिओला महिना झाला की ती यादी वहीत उतरवून घ्या. एखाद्या यादीत "ukadiche modak recipe in marathi" असं दिसेल. शब्द रोमन, पण मागणी मराठी बोलण्याची आहे. अशा प्रेक्षकासाठी रोमन शब्द शीर्षकात हवा आणि आवाज मराठीच राहिला पाहिजे.

फेसबुकवर, निदान मी पाहते त्या गावोगावच्या गटांत, हॅशटॅगला फारसं कुणी विचारत नाही. तिथे मजकूर नीट देवनागरीत लिहा आणि एक हॅशटॅग टाकून मोकळ्या व्हा.

अनंत चतुर्दशी झाली की फोनची जागा मोकळी करायला जुने संदेश पुसले जातात. त्याआधी अर्धा तास काढा. यंदा पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकांचे पहिले संदेश पुन्हा त्याच रीतीने मोजा, आणि जमलं तर त्यांना विचारा: "आम्ही कुठे सापडलो, काय टाइप केलं होतं?" त्यांनी सांगितलेला शब्द, जसा सांगितला तसा, स्पेलिंग न सुधारता, तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षीची शेवटची ओळ त्या पानावरून उतरवायची आहे.